थांबू का, असं विचारणाऱ्यासाठी चार मिनिटं

स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी बनणारे प्रेरणादायी व्हिडिओ बहुधा एकाच साच्यातले असतात. मागे ढोल, पडद्यावर लाल दिव्याची गाडी आणि 'हार मानू नकोस'. अशी स्क्रिप्ट लिहायला सोपी असते. पण तालुक्याच्या अभ्यासिकेत बसलेल्या, राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दोनदा हुकलेल्या मुलाला तिचा उपयोग शून्य. त्याचा प्रश्न हिशेबाचा आहे, म्हणून स्क्रिप्टही हिशेबानेच सुरू व्हावी.

पडद्यावरच्या माणसाचं पहिलंच वाक्य असावं, "तुझी प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका काढ." सामान्य अध्ययनाच्या पेपरात 100 प्रश्न, 200 गुण. बरोबर उत्तराला 2, चुकलेल्याला अर्धा गुण वजा. समजा त्याने 90 सोडवले, 48 बरोबर आले आणि 42 चुकले. 96 मधून 21 गेले, उरले 75. इथे घाईने धीर देऊ नये. ते 42 प्रश्न तीन ढिगांत वाटायला सांगावं. वाचलंच नव्हतं असे 10. प्रश्न नीट न वाचल्याने गेले असे 8. आणि वाचलेलं होतं, पण दोन पर्यायांत अडकून चुकलं, असे 24.

हा तिसरा ढीग खरं बोलतो. तो मोठा असेल तर नवं पुस्तक, नवा क्लास, नव्या नोट्स यांनी काही होणार नाही. उजळणी कमी पडलेली आहे. त्यातले निम्मे जरी बरोबर आले तरी प्रत्येकामागे 2 गुण मिळतात आणि कापला जाणारा अर्धा वाचतो. 12 प्रश्नांचे 30 गुण. म्हणजे 75 चे 105.

सी-सॅट विसरू नये. तिथे 33 टक्के, म्हणजे 200 पैकी 66 गुण हवेतच. गणिताला घाबरून तो पेपर शेवटच्या महिन्यावर ढकलणारे तिथेच बाद होतात, मग पहिल्या पेपरात कितीही मिळोत.

आता अवघड भाग, जो व्हिडिओवाले गाळतात. हेच ढीग आधीच्या वर्षाच्या पेपरवरही पाडायचे. दोन्ही वर्षी गुण तेवढेच, ढीगही तेवढेच असतील, तर वर्ष वाढवून काही बदलणार नाही, आणि स्क्रिप्टने ते स्पष्ट म्हणावं. माझ्या मते थांबायचा सल्लाही प्रेरणाच आहे. शिवाय केलेला अभ्यास गट-ब, गट-क च्या संयुक्त परीक्षेत बराचसा चालतो, हे त्याच दमात सांगावं.

घरी काय बोलायचं, तेही लिहून द्यावं. वयोमर्यादा खुल्या गटाला 38 असल्याने 'बघू पुढच्या वर्षी' कितीही वर्षं म्हणता येतं. म्हणून वाक्य तारखेचं हवं: "बाबा, पुढच्या पूर्वपरीक्षेपर्यंत अभ्यास. मेन्सला पात्र झालो तर पुढे, नाही तर दुसऱ्या महिन्यापासून नोकरी."