पाच वर्षांचा पाऊस आणि ३६ सेंटिमीटरचा चर

महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की कागदोपत्री ती अतिवृष्टी ठरते, आणि पंचनाम्यांची चर्चा सुरू होते. मदत कुणाला द्यायची हे ठरवायला असा एक ठाम आकडा लागतोच. पण शेतातून पाणी बाहेर काढणारा चर किती खोल खणायचा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मराठवाड्यातल्या भारी काळ्या जमिनीवर ६५ मिलिमीटरचा दिवस काही ठिकाणी बहुतेक वर्षी येतो. चर खणणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. किती मोठा पाऊस सरासरी किती वर्षांनी येतो, आणि त्यातला कुठला पाऊस धरून चर बांधणे परवडते?

या प्रश्नाचे उत्तर काढायला फार माहिती लागत नाही. जवळच्या पर्जन्यमापकाची वीसेक वर्षांची रोजची नोंद घ्यायची आणि प्रत्येक वर्षातला सर्वांत ओला दिवस तेवढा उचलायचा. एका वर्षाचा एक आकडा, बाकीचे ३६४ दिवस बाजूला. हे उधळेपणाचे वाटते, पण त्यामागे कारण आहे. लागोपाठच्या दिवसांचा पाऊस एकाच कमी दाबाच्या पट्ट्यातून आलेला असतो, म्हणून ते दिवस एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. वेगवेगळ्या वर्षांतले सर्वांत मोठे पाऊस मात्र बहुतांशी स्वतंत्र धरता येतात.

उदाहरणादाखल काळ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या एका मापकाची वीस वर्षांची अशी मालिका रचून घेऊ, मिलिमीटरमध्ये: ६२, ७१, ४८, ९५, ८४, ११०, ५७, ७८, १३२, ६९, ८८, ५४, १०२, ७६, ६५, ९१, १६८, ५९, ८२, ७३. यातल्या चौदा वर्षी ६५ ची रेषा ओलांडली गेली आहे.

हिशेबाआधी नोंदवही नीट पाहावी लागते. जुलै-ऑगस्टमधले काही दिवस कोरे असतील तर ते वर्ष सरळ वगळावे, कारण वर्षातला मोठा पाऊस नेमका त्याच दिवसांत पडून गेलेला असू शकतो. कोरी जागा आणि शून्य यांची गल्लत ही सर्वांत नेहमीची चूक, आणि संगणकावर चढवलेल्या नोंदींत ती सहज खपून जाते. ऐन पावसाळ्यात सलग आठ-दहा शून्ये दिसली आणि शेजारच्या केंद्रावर त्याच दिवसांत पाऊस असला, तर ती शून्ये खरी नाहीत असे समजावे.

आता सर्वांत साधी रीत. आकडे उतरत्या क्रमाने लावायचे आणि वर्षांच्या संख्येत एक मिळवून क्रमांकाने भागायचे. १६८ पहिला, म्हणून २१ भागिले १, म्हणजे २१ वर्षांतून एकदा. १०२ चौथा, म्हणजे सव्वापाच वर्षांतून एकदा. पाच वर्षांचा पाऊस शंभरच्या आसपास, हे एवढ्यावरूनही कळते. गोची वरच्या टोकाला आहे. वीस वर्षांच्या वहीतला सर्वांत मोठा पाऊस, मग तो १४० असो की ३००, या रीतीने २१ वर्षांचाच ठरतो.

इथे एमिल गुंबेल लागतो. म्युनिकमध्ये १८९१ साली जन्मलेला हा गणिती आधी वेगळ्याच मोजदादीसाठी गाजला. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीतल्या राजकीय खुनांचा त्याने हिशेब मांडला. १९२२ च्या पुस्तकात त्याने दाखवले की उजव्यांनी ३५४ आणि डाव्यांनी २२ खून केले होते, आणि शिक्षा मात्र डाव्यांना कितीतरी कडक झाल्या होत्या. १९३२ मध्ये हायडलबर्ग विद्यापीठातली त्याची जागा गेली. तो फ्रान्सला आणि १९४० मध्ये तिथून अमेरिकेला गेला. टोकाच्या मूल्यांवरचा त्याचा ग्रंथ १९५८ मध्ये निघाला. संख्याशास्त्रज्ञ फिशर आणि टिपेट यांनी १९२८ मध्येच दाखवले होते की अनेक आकड्यांमधला सर्वांत मोठा आकडा निवडत गेले, तर त्या मोठ्या आकड्यांची विभागणी ठरावीक तीनच घाटांकडे झुकते. त्यातला एक घाट गुंबेलने पूर आणि पावसाला लावून दाखवला, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो.

गुंबेलच्या घाटात मालिकेची सरासरी आणि तिचे प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा पसारा, एवढ्या दोन गोष्टी लागतात. आपल्या मालिकेची सरासरी ८३.२ आणि प्रमाण विचलन २८.६ येते. हव्या त्या वर्षांसाठी ठरलेल्या गुणकाने विचलनाला गुणायचे आणि सरासरीत मिळवायचे. पाच वर्षांसाठी हा गुणक ०.७१९, दहासाठी १.३०५, शंभरासाठी ३.१३७. आकडे एक्सेलच्या A1 ते A20 मध्ये आणि वर्षे B1 मध्ये लिहिली, तर सगळे एका ओळीत होते:

```
=AVERAGE(A1:A20)-STDEV.S(A1:A20)*SQRT(6)/PI()*(0.5772+LN(LN(B1/(B1-1))))
```

उत्तरे अशी येतात: पाच वर्षांचा पाऊस १०४ मिलिमीटर, दहा वर्षांचा १२१, शंभर वर्षांचा १७३.

या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. सर्वांत मोठा आकडा झाकायचा आणि हिशेब पुन्हा करायचा. १६८ काढून टाकला तर पाच वर्षांचा पाऊस १०४ वरून ९४ वर येतो, दहा वर्षांचा १२१ वरून १०६ वर, आणि शंभर वर्षांचा १७३ वरून थेट १४५ वर. खुद्द १६८ चा पुनरावृत्ती-काळ सगळी मालिका धरली तर सुमारे ८० वर्षे निघतो आणि तो पाऊस वगळून बांधलेल्या घाटात ४०० वर्षांच्या वर जातो. एका दिवसाच्या पावसाने असा फरक पडत असेल, तर वीस वर्षांच्या वहीवरून शंभर वर्षांचे ठाम आकडे सांगणाऱ्या अहवालाकडे जरा संशयानेच पाहावे.

शेताच्या चराचे काम सुदैवाने खालच्या टोकाला आहे. पूल किंवा धरणाचा सांडवा फुटला तर माणसे जातात, म्हणून तिथे शंभर आणि त्याहून जास्त वर्षे धरतात. चर तुंबला तर एका हंगामाचे पीक पिवळे पडते. म्हणून शेतीच्या निचऱ्यासाठी साधारण पाच ते दहा वर्षांचा पाऊस धरण्याची पद्धत आहे, आणि तिथे वीस वर्षांची नोंद बऱ्यापैकी पुरते.

पाच वर्षांचा पाऊस म्हणजे पाचव्या वर्षी येणारा पाऊस नव्हे. कुठल्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता २० टक्के, एवढाच त्याचा अर्थ. तो लागोपाठ दोन वर्षी येऊ शकतो. सलग पाच वर्षे तो अजिबात न येण्याची शक्यता फक्त ३३ टक्के आहे. त्यामुळे पाच वर्षांचा चर एकदा भरून वाहिला की आराखडा चुकला, असे म्हणता येत नाही.

चर आखण्याआधी एक दुरुस्ती मात्र करावीच लागते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा असतो. रात्री अकराला सुरू होऊन दुसऱ्या दुपारपर्यंत चाललेला पाऊस दोन दिवसांत वाटला जातो आणि वहीत तुकड्यांनी दिसतो. म्हणून ठरल्या वेळी मोजलेल्या एका दिवसाच्या आकड्याला १.१३ ने गुणून खऱ्या २४ तासांचा आकडा काढतात. आपले १०४ त्यामुळे ११७ होतात आणि १२१ चे १३६.

मापक शेतापासून किती दूर आहे, याला मात्र असा गुणक नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. तालुक्याच्या गावचा मापक आपल्या शिवाराबद्दल एखाद्या दिवशी काहीच सांगत नाही. वीस-तीस वर्षांच्या मालिकेत हे चढउतार बरेचसे निवळतात, पण मापक डोंगराच्या एका अंगाला आणि शेत दुसऱ्या अंगाला असेल तर तेही होत नाही.

आणखी दोन हरकती जाणकार घेतात, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली अशी की गुंबेलचा घाट वरच्या टोकाला पाऊस कमी दाखवतो. ग्रीक जलशास्त्रज्ञ देमेत्रिस कुत्सोयियानिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या हजारो केंद्रांच्या मालिका तपासून हे मांडले आहे. त्यासाठी तिसरा आकडा घेणारा अधिक सैल घाट वापरतात, पण तो आकडा ठरवायला वीस वर्षे अपुरी पडतात. दुसरी हरकत पाऊसच बदलतो आहे ही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. जुन्या वहीतला दहा वर्षांचा पाऊस आज सात-आठ वर्षांचा झालेला असू शकतो. पाचाऐवजी दहा वर्षे धरावीत, असे म्हणायला हे पुरेसे कारण आहे. आता तसे केल्याने खर्च किती वाढतो ते पाहू.

दहा हेक्टरचे सोयाबीन-तुरीचे शिवार धरू. जूनमध्ये काळ्या जमिनीच्या भेगा पहिले पाऊस गिळतात, पण ऑगस्टपर्यंत भेगा मिटतात आणि पाणी वरून वाहू लागते. अमेरिकेच्या मृदसंधारण विभागाच्या ‘कर्व्ह नंबर’ पद्धतीच्या काळ्या जमिनीसाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय रूपाने, ८५ हा अंक धरून, ११७ मिलिमीटरपैकी साधारण ८१ मिलिमीटर पाणी वाहून येते. ते एका दिवसात शेताबाहेर काढायचे, तर चरातून सेकंदाला ९३ लिटर वाहावे लागतात. दहा वर्षांच्या पावसाला हाच आकडा ११४ लिटर होतो.

तळाला ३० सेंटिमीटर रुंद, दोन्ही काठ ४५ अंशांत उतरते आणि शंभर मीटरला २० सेंटिमीटर उतार, असा मातीचा चर घेतला तर पाच वर्षांच्या पाण्याला ३६ सेंटिमीटर खोली लागते. दहा वर्षांच्या पाण्याला ३९. पाण्याच्या पातळीवरची मोकळी जागा दोन्हींत वेगळी ठेवायचीच. म्हणजे दुप्पट मोठ्या पुनरावृत्ती-काळाची किंमत तीन सेंटिमीटर माती. जेसीबीवाल्याला हा फरक नीट दाखवताही येणार नाही.

हे सगळे गणित चर स्वच्छ आहे असे धरून आहे. त्यात गवत आणि लव्हाळा माजला की त्याच ३६ सेंटिमीटर खोलीतून, स्वच्छ असताना वाहणाऱ्या ९७ लिटरऐवजी, ५६-५७ लिटर वाहतात. हा आकडा उलटा पावसात फिरवला तर तो चर जेमतेम ८२ मिलिमीटरचा उरतो, वहीतल्या मोजणीने ७२ चा. गुंबेलच्या घाटात ७२ मिलिमीटरचा पुनरावृत्ती-काळ दोन वर्षेही भरत नाही. म्हणजे पाच वर्षांसाठी खणलेला चर, न खरवडता सोडला तर, दर वर्षी साठ टक्के शक्यतेने तुंबणार. तीन सेंटिमीटर जास्त खणण्यापेक्षा मृगाआधीची एक साफसफाई जास्त पाणी काढते. साफसफाईला जाताना चर जिथे नाल्याला मिळतो तिथेही पाहावे. मोठ्या पावसात नाल्याची पातळी चराच्या तळापेक्षा वर चढत असेल, तर पाणी उलटे शेतात येते. हे पाहायला सूत्र लागत नाही. मागच्या पुराचा गाळ नाल्याच्या काठावरच्या झुडपांना किती उंचीपर्यंत लागलेला आहे, तेवढे मोजले की पुरते.