पुतण्या फुकट नेतो, मग तुम्हाला पैसे कशाला?

पुण्यात कोथरूड, सिंहगड रस्ता, औंध या भागांतल्या सोसायट्यांमध्ये आता एक नवं काम उभं राहतंय. मुलं बंगळुरूला किंवा परदेशात, घरात दोघं सत्तरीपुढची, आणि दवाखान्याच्या फेऱ्या वाढलेल्या. अशा वेळी सोबत जाणारं, रांगेत बसणारं, डॉक्टर काय म्हणाले ते नीट लिहून आणणारं कुणीतरी हवं असतं. सोसायटीतलीच एखादी पन्नाशीची बाई हे काम पैसे घेऊन करायचं ठरवते, आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या काकू विचारतात, ‘अगं, पण आमचा पुतण्या फुकट नेतो की!’

इथे बहुतेक जणी घाबरून दर पाडतात. फुकटाशी तुलना होतेय म्हटल्यावर तीनशे रुपयेसुद्धा जास्त वाटायला लागतात. मला हे पटत नाही, कारण तीनशे रुपयांचा हिशेब कुठूनच निघत नाही.

आधी खरा हिशेब करू. समजा, या बाईंना महिन्याला साडेचौदा हजार रुपये हातात राहायला हवेत. फोन, स्वतःचं येणं-जाणं, चहापाणी मिळून दीड हजार खर्च धरला, तर एकूण सोळा हजार मिळवायचे आहेत. आता भागायचं कशानं? चूक होते ती इथेच. महिन्यातले सगळे कामाचे दिवस धरून भागलं की दर छान, स्वस्त निघतो. पण नव्या कामात रोज कुणी बोलावत नाही. सुरुवातीला आठवड्याला पाच-पाच तासांच्या चार फेऱ्या मिळाल्या, तरी खूप झालं. म्हणजे पैसे मिळणारे तास महिन्याला ८०. सोळा हजार भागिले ८०, म्हणजे तासाला २०० रुपये. पाच तासांच्या फेरीला हजार. आदल्या संध्याकाळचा फोन, फाइल लावणं, नंतर मुलाला पाठवायचा निरोप, स्वतःच्या घरून निघून परत पोचणं हे धरलं, तर ८० तासांच्या कामाला प्रत्यक्षात ११० तास जातात. साडेचौदा हजारांना ११० नी भागलं, तर तासाला पडतात १३२ रुपये. हा दर काही अव्वाच्या सव्वा नाही.

पण हजार म्हटल्यावर काकूंना पुतण्या आठवणारच. म्हणून पुतण्या नेमकं काय करतो आणि काय करत नाही, हे शांतपणे बघायला हवं. मोतीबिंदूचंच उदाहरण घेऊ, कारण ते प्रत्येक इमारतीत सापडतं. ऑपरेशनच्या आधी डोळ्यांची मापं आणि रक्त-साखरेच्या तपासण्या, मग ऑपरेशनचा दिवस, दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा दाखवणं, साधारण आठवड्यानं पुन्हा, आणि महिन्याच्या सुमारास चष्म्याच्या नंबरासाठी आणखी एकदा. शिवाय थेंब. ते बहुधा चार ते सहा आठवडे चालतात. पहिल्या आठवड्यात दिवसातून अनेक वेळा आणि मग डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे कमी कमी होत जाणारे. यात चुकायला भरपूर जागा असते.

ऑपरेशनच्या दिवशी पुतण्या येतोच. रजा काढून, गाडी घेऊन, कधी बायकोलाही घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याची मीटिंग असते. आठवड्यानंतरची तारीख त्याच्या शनिवारवर ढकलली जाते. महिन्यानंतरच्या फेरीसाठी त्याला पुन्हा सांगायला काकूंनाच संकोच वाटतो. ‘किती वेळा त्रास द्यायचा त्याला?’ असं म्हणत ती फेरी राहून जाते. नातेवाइकांची मदत मोठ्या दिवसाला धावून येते. चिवट, कंटाळवाण्या फेऱ्यांना ती पुरत नाही. यात पुतण्याचा काही दोष नाही. त्याला त्याची नोकरी आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की ऑपरेशनचा दिवस पुतण्याकडेच ठेवावा. तिथे विम्याचे कागद असतात, रुग्णालय नातेवाइकाची सही मागतं, ऐनवेळी काही निर्णय घ्यावा लागतो. पैसे घेऊन सोबत आलेल्या बाईनं तिथे सही करूच नये. तिनं दर लावायचा तो उरलेल्या फेऱ्यांचा. ऑपरेशनआधीची तपासणीची एक आणि नंतरच्या तीन, अशा चार फेऱ्या. या फेऱ्या लहान असतात. अडीच तास धरले, तर प्रत्येकी ५०० रुपये, एकूण २,०००. त्यातच थेंबांचा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावणं, आणि डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करणं, हेही आलं. आता काकूंसमोर तुलना बदलते. पुतण्याचं फुकट आणि बाईंचे हजार, असा प्रश्न राहत नाही. पुतण्या येणार नाही त्या चार दिवशी काय करायचं, हा प्रश्न उरतो, आणि त्याला दोन हजारांचं उत्तर समोर असतं.

वेळेची हद्द आधीच सांगून ठेवावी. डॉक्टर दोन तास उशिरा आले, तर ठरावीक पैशात बाईंचा दिवस बुडतो. उलट नुसत्या तासांवर दर ठेवला, तर काकू बाकावर बसून घड्याळच बघत राहतात. म्हणून लहान फेरीचे अडीच तासांपर्यंत ५००, आणि पुढे दर अर्ध्या तासाला १००. रिक्षाचं भाडं ज्याचं त्यानं द्यायचं. सकाळी ऐनवेळी रद्द केलं तर निम्मे पैसे, आदल्या संध्याकाळपर्यंत कळवलं तर काही नाही.

ओळखीच्या पहिल्या घरांना सवलत द्यावीशी वाटतेच. द्यावी, पण दर कमी करून नाही. चिठ्ठीवर ५०० लिहून खाली ‘ओळखीची सवलत २००, पहिल्या दोन फेऱ्यांपुरती’ असं लिहावं. एकाच इमारतीत आज सांगितलेले तीनशे उद्यापर्यंत चार मजल्यांवर पोचतात, आणि मग पुढच्या महिन्यात पाचशे मागणं म्हणजे भांडण. शिवाय तीनशेच्या सोबतीला लोक घरकामाच्या मापानं मोजतात. ‘येता येता भाजी आणशील का?’ हा प्रश्न वारंवार येऊ लागला, तर दर फार कमी पडलाय असं समजावं.

नकार आला तर त्यामागचं कारण शोधावं. ‘विचारून सांगते’ म्हणून गेलेल्या काकूंना पंधरा दिवसांनी सहज विचारावं, डोळा दाखवून झाला का? पुतण्या घेऊन गेला असेल, तर आनंदच आहे. तो गिऱ्हाईक गमावल्याचा प्रसंग नव्हे. फेरीच राहून गेली असेल, तर मात्र दर जड झाला किंवा आपण काय करणार ते नीट पोचलं नाही. पुष्कळदा तिसरंच कारण निघतं. पैसे मुलगा द्यायला तयार असतो, पण ‘परक्या बाईला पैसे मोजून दवाखान्यात गेले’ हे बोल आईला नको असतात. तिथे दर कमी करून काहीच साधत नाही. महिन्याचा हिशेब थेट मुलाकडे पाठवावा, म्हणजे आईला प्रत्येक वेळी पर्स उघडावी लागत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा वही उघडावी. ८० तासांऐवजी ५०च भरत असतील, तर जुन्या हिशेबानं दर ३२० रुपये तासावर जातो, आणि तो कुणी देणार नाही. अशा वेळी दर न वाढवता, त्याच दवाखान्याच्या वाटेवरची रिपोर्ट आणणं, औषधं आणणं, पुढची वेळ घेणं अशी शंभर-दोनशेची कामं जोडून रिकामे तास भरावेत.