‘साहेबांकडे आहे’ ऐकून परत येऊ नका. अडकलेल्या कामांची यादी अशी ठेवा

पिंप्राळा : वडील गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज दिला. महिना झाला, दोन महिने झाले. कोणी विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं, “तलाठ्याकडे दिलंय, होऊन जाईल.” मग मे महिना उजाडतो, कपाशीच्या बियाण्याला पैसे लागतात, विकास सोसायटीत पीक कर्जाला जावं तर सातबारा अजून वडिलांच्याच नावावर. तेव्हा कळतं की कागद मार्चपासून जागचा हललेलाच नाही.

यात दोष नेहमी कार्यालयाचाच असतो असं नाही. काम दुसऱ्याच्या सहीसाठी थांबलं की ते आपल्या डोक्यातून निघून जातं. आपल्याला करायचं काही उरलेलं नसतं, म्हणून आठवणही राहत नाही. अशा कामांसाठी वेगळी यादी लागते.

कारकुनाच्या कपाटातला दुसरा गठ्ठा

ही युक्ती सरकारी कार्यालयात जुनीच आहे. राज्यातल्या कार्यालयांत कागद ठेवायची ‘सहा गठ्ठे पद्धत’ आहे. त्यातला एक गठ्ठा ‘प्रतीक्षाधीन’ प्रकरणांचा असतो. म्हणजे कारकुनाने आपलं काम केलं, पण दुसऱ्या कार्यालयाचं उत्तर यायचं आहे, असे कागद. ते चालू कामांत मिसळत नाहीत, वेगळे ठेवून त्यांची आठवण ठेवली जाते. अमेरिकेतले लेखक डेव्हिड अ‍ॅलन यांनी 2001 साली कामाच्या नियोजनावर पुस्तक लिहिलं, त्यातही अशीच वेगळी यादी सांगितली आहे. मग अर्जदारानेही आपला प्रतीक्षाधीन गठ्ठा ठेवायला काय हरकत आहे?

वहीचं एक पान पुरतं. प्रत्येक कामाला एक ओळ आणि ओळीत चार गोष्टी लिहायच्या : काय हवं आहे, कोणाकडून हवं आहे, कधी दिलं (अर्ज क्रमांकासह) आणि पुन्हा कधी विचारायचं. शेवटची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये आठवण म्हणून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करून ठेवला तर तो खाली दबून जातो, त्या दिवशी वाजत नाही.

एक उदाहरण पाहू

समजा पिंप्राळा शिवारातलं एक घर आहे. दोन भाऊ आणि शिरपूरला दिलेली बहीण. वारस नोंदीची वाट साधारण अशी असते : अर्ज तलाठ्याकडे (आता नाव ग्राम महसूल अधिकारी) जातो. वारसांची नोंद आधी गाव नमुना 6-क मध्ये होते, चौकशीनंतर फेरफार नमुना 6 मध्ये लिहिला जातो. मग संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस दिले जातात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो.

धाकट्या भावाने 5 मार्चला ई-हक्कवर अर्ज केला. यादीत लिहिलं : “वारस नोंद – तलाठी भाऊसाहेब – 5 मार्च, अर्ज क्रमांक अमुक – विचारायचं 12 मार्चला.”

12 मार्चला तो गेला. “काम झालं का?” असं विचारलं असतं तर “चालू आहे” एवढंच उत्तर आलं असतं. त्याने विचारलं, “भाऊसाहेब, कागद आता कोणाकडे आहे, आणि माझ्याकडून काही बाकी आहे का?” तेव्हा कळलं की बहिणीच्या आधारची प्रत जोडलेलीच नाही. म्हणजे तो तलाठ्याची वाट पाहत होता आणि तलाठी त्याची!

त्याने जुनी ओळ खोडली, नवी लिहिली : “आधारची प्रत – ताई – 12 मार्चला फोन – विचारायचं 14 मार्चला.” प्रत आली, 16 मार्चला दिली, पुढची तारीख 23 मार्च टाकली. यादीतली मुख्य गोष्ट हीच आहे. कागद ज्याच्याकडे सरकला, त्याचं नाव यादीत आलं पाहिजे. “महसूल खात्याकडे आहे” असं लिहिलं तर विचारणार कोणाला?

30 मार्चला नोटीस निघाली. आता मध्येच चकरा मारून उपयोग नाही, कारण 15 दिवस संपेपर्यंत मंडळ अधिकाऱ्यांना सही करताच येत नाही. पंधरावा दिवस येतो 14 एप्रिलला, त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुटी. म्हणून विचारायची तारीख पडली 16 एप्रिल. दरम्यान महाभूमीच्या ‘आपली चावडी’वर फेरफार दिसतो, तो घरबसल्या पाहता येतो.

16 तारखेला उत्तर मिळालं, “पाहतो, होऊन जाईल.” हे उत्तर यादीत लिहिता येत नाही, कारण त्यात तारीख नाही. तो म्हणाला, “साहेब, मग सोमवारी 20 तारखेला येऊ का?” साहेबांनी मान हलवली. यादीत लिहिलं : “प्रमाणित करणं – मंडळ अधिकारी – 16 एप्रिलला भेट, 20 ला या म्हणाले.” विचारायची तारीख ठरवताना समोरच्याकडूनच ती घेतली, की पुढच्या भेटीत ‘कशाला आलात’ असं कोणी म्हणत नाही.

यादी कुठे फसते

पहिली चूक म्हणजे दर दोन दिवसांनी तारीख टाकणं. चार चकरा फुकट गेल्या की माणूस यादीच सोडून देतो. काम किती दिवसांत होऊ शकतं हे आधी विचारा, मग तारीख टाका. दुसरी चूक म्हणजे तोंडी अर्ज. पोच किंवा अर्ज क्रमांक नसेल तर अधिकारी बदलून गेल्यावर तुमचं काम कुठून सुरू झालं हेच सांगता येत नाही. तिसरी म्हणजे यादी लिहून न उघडणं. बाजाराचा दिवस ठरवा, आठवड्यातून एकदा सगळ्या ओळी वाचा.

आणि यादीने सही होत नाही, हेही खरं. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत, म्हणजे नमुना 6-अ मध्ये जातं आणि सुनावणी लागते. तिथे यादीत सुनावणीची तारीख लिहायची, एवढंच हाती राहतं.

मुदत संपली तर

इथे मात्र तारखा लिहिलेल्या फार कामाला येतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली ज्या सेवा जाहीर झाल्या आहेत, त्यांची मुदत आणि अपील अधिकारी कोण, हे कार्यालयाच्या फलकावर पाहायला मिळतं. तुमची सेवा त्या यादीत असेल तर मुदत संपल्यावर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. अधिकाऱ्याने विनाकारण उशीर केल्याचं ठरलं तर 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे. पण मुदत कधी संपली हेच माहीत नसेल तर ते 30 दिवसही हातातून जातात. म्हणून अर्ज देताच ओळीच्या शेवटी एक तारीख आणखी लिहा : “मुदत संपते – अमुक तारखेला.”

आज घरात किती कामं कोणाच्या सहीसाठी थांबली आहेत, ती आठवून आधी कागदावर उतरवा. ज्या ओळीत माणसाचं नाव किंवा पुढची तारीख लिहिता येत नाही, तिथेच उद्या पहिला फोन लावा.