चित्र गळालेला प्रश्न

जीवशास्त्राच्या सरावप्रश्नांत असा प्रश्न पुष्कळदा येतो : ‘छायाचित्रात दाखवल्याप्रमाणे मांडणी केली. काही तासांनी पान तोडून त्याची आयोडीनने परीक्षा केली. पानाचा एक भाग निळसर काळा झाला, दुसरा पिवळट तपकिरी राहिला. निष्कर्ष लिहा.’ आणि छायाचित्र जागेवर नसते. झेरॉक्स काढताना गेलेले असते किंवा कुणीतरी काढून टाकलेले असते. बहुतेक मुले ठरलेले वाक्य लिहून मोकळी होतात : प्रकाशसंश्लेषणाला सूर्यप्रकाश लागतो. वाक्य खरे आहे. पण ते याच प्रयोगातून निघाले का, हे त्या दोन रंगांवरून ठरत नाही.

आधी पानाने नेमके काय सांगितले ते पाहू. पान उकळत्या पाण्यात घालतात, म्हणजे त्याच्या पेशी मरतात आणि त्यातल्या क्रिया तिथेच थांबतात. मग ते स्पिरिटमध्ये ठेवून, गरम पाण्याच्या भांड्यात ती नळी धरून, हिरवा रंग पूर्ण उतरवतात. स्पिरिट थेट ज्योतीवर तापवत नाहीत, कारण त्याची वाफ पेट घेते. रंग उतरलेले पान कडक होते, म्हणून ते कोमट पाण्यात बुडवून मऊ करतात आणि वर आयोडीनचे थेंब सोडतात. जिथे स्टार्च आहे तिथे काळसर निळा रंग उमटतो. जिथे नाही तिथे आयोडीनचा स्वतःचा तपकिरी रंग दिसतो. एवढेच निरीक्षण : या भागात स्टार्च आहे, त्या भागात नाही. ‘का नाही’ याचे उत्तर आयोडीन देत नाही. ते त्या दोन भागांत मुद्दाम काय वेगळे ठेवले होते यावर अवलंबून असते, आणि तीच गोष्ट छायाचित्रात होती.

शाळेत या चाचणीच्या तीन मांडण्या नेहमी होतात. पानावर काळ्या कागदाची पट्टी लावली, तर फरक प्रकाशाचा. पांढरे-हिरवे ठिपके असलेले पान घेतले, तर फरक हरितद्रव्याचा. अर्धे पान बाटलीत आणि अर्धे बाहेर ठेवून बाटलीत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण घातले, तर फरक कार्बन डायऑक्साइडचा, कारण ते द्रावण हा वायू शोषून घेते.

चित्र नसले तरी धागे उरलेले असतात. समजा, प्रश्नाच्या मजकुरात एवढेच आहे : ‘कुंडी दोन दिवस अंधारात ठेवली. मग रुंद तोंडाची बाटली, उभे चिरलेले बूच आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून मांडणी केली व ती उन्हात ठेवली.’ इथे काळा कागद कुठेच नाही. बूच उभे चिरलेले आहे ते पान त्याच्या फटीत धरण्यासाठी. बाटली पारदर्शक असेल तर ऊन दोन्ही अर्ध्यांना मिळाले. वेगळी राहिली ती हवा. म्हणून निष्कर्ष कार्बन डायऑक्साइडचा. रंगाची सीमाही साक्ष देते : पानाच्या आरपार गेलेली एक सरळ रेघ बाटलीकडे बोट दाखवते, मधोमध सरळ कडांचा फिकट पट्टा कागदाकडे, आणि तोडण्यापूर्वीच्या पांढऱ्या ठिपक्यांशी तंतोतंत जुळणारी नागमोडी सीमा हरितद्रव्याकडे.

अंधारातल्या दोन दिवसांकडे मुलांचे लक्ष जात नाही, पण त्यांच्यावाचून प्रयोग उभाच राहत नाही. त्या काळात पान आधीचा साठा वापरून टाकते. ते केले नसेल तर झाकलेला भागही काळा पडू शकतो, आणि तो काळेपणा कालच्या उन्हाचा आहे की आजच्या, हे कळत नाही.

मांडणी माहीत असली तरी निष्कर्षाला मर्यादा असतेच, आणि मला इथे शिक्षकांनी थोडे जास्त थांबावे असे मनापासून वाटते. काळा कागद पानाला घट्ट चिकटवला, तर तो प्रकाशाबरोबर हवाही अडवतो. मग दोष कुणाचा? म्हणूनच हवा खेळती राहील अशी प्रकाश अडवणारी चौकट वापरतात. ती गॅनाँगच्या नावाने ओळखली जाते. नाहीतर तेवढ्याच आकाराचा पारदर्शक कागद शेजारी लावून पाहावा. बाटलीच्या प्रयोगातही दुसरी बाटली साध्या पाण्याची हवी, म्हणजे बाटलीतली कोंडी आणि ओलावा यांचा हिशेब होतो.

शिवाय स्टार्च म्हणजे साठा. योसेफ ब्योम या संशोधकाने १८८३ मध्ये दाखवले की साखरेच्या द्रावणावर ठेवलेली पाने अंधारातही स्टार्च बनवतात. उलट कांद्याची पात उन्हात भरपूर साखर बनवते, पण स्टार्च साठवत नाही. तिच्यावर आयोडीन टाकून ‘प्रकाशसंश्लेषण झाले नाही’ असे लिहिले, तर ते साफ चूक ठरेल.

आणि मजकुरात बाटली, कागद, ठिपके यांपैकी काहीच नसेल, तर असे लिहावे : ‘पानाच्या एका भागात स्टार्च आढळला, दुसऱ्या भागात आढळला नाही. दोन्ही भागांना मिळालेल्या परिस्थितीतला फरक दिलेला नसल्याने कारण सांगता येत नाही.’ तपासणाऱ्याने या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत.