नको तिथे पडलेला पाय

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना काही चुका आकडेमोड न करताच दिसतात. परवा एका पेपरात प्रश्न होता: शून्यापासून π/२ पर्यंत साइनच्या सातव्या घाताचं इंटिग्रेशन करा. सूत्र बरोबर, पायऱ्या बरोबर, अक्षर सुंदर, आणि शेवटी चौकटीत उत्तर: ८π/३५. मी लाल पेन उचललं. उत्तर चूक आहे हे कळायला मला कागदावर एक रेघही ओढावी लागली नाही. का लागली नाही, ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करायला हवी.

शून्य अंशाला साइनची किंमत शून्य असते, तिथून ती वाढत वाढत नव्वद अंशाला एक होते. गणितात हे नव्वद अंश π/२ असे लिहितात, म्हणजे साधारण १.५७०८. या वाढत्या वक्राखाली जी जागा सापडते, तिचं क्षेत्रफळ काढणं म्हणजे आपलं इंटिग्रेशन. घात पहिला असेल तर हे क्षेत्रफळ बरोबर १ येतं. घात शून्य असेल तर वक्र उरतच नाही, एक उंचीची सपाट रेघ होते आणि खाली १.५७०८ लांबीचा आयत पडतो. त्याचं क्षेत्रफळ अर्थातच π/२.

आता घात चढवत गेलं तर काय होतं? एकापेक्षा लहान संख्येचा घात वाढवला की ती आणखी लहान होते. तीस अंशाला साइन अर्धा असतो, त्याचा वर्ग पाव आणि सातवा घात १/१२८, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. म्हणून सातव्या घाताचा वक्र बराच वेळ जमिनीला चिकटून सरपटतो आणि नव्वदच्या जवळ आल्यावर घाईघाईनं वर चढतो. घात जितका मोठा, तितकी खालची जागा कमी. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे.

जागा कमी होते हे दिसतं, पण नेमकी किती? n व्या घाताच्या क्षेत्रफळाला Iₙ म्हणू. त्याचं उत्तर थेट काढायला न जाता त्याचं नातं धाकट्या घाताशी जोडायचं, ही रिडक्शन फॉर्म्युल्याची युक्ती. sinⁿx मधून एक साइन बाजूला काढायचा आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्स करायचं. बाजूला काढलेल्या साइनचं इंटिग्रेशन होतं उणे कोसाइन. त्यातून दोन तुकडे मिळतात. पहिला तुकडा असा:

−sinⁿ⁻¹x · cos x

याला दोन्ही टोकांच्या किमती द्यायच्या. शून्याला साइन शून्य, π/२ ला कोसाइन शून्य. दोन्हीकडे गुणाकार शून्य, तुकडा गळाला. (n दोन किंवा जास्त हवा, हे ओघानं आलंच.) दुसऱ्या तुकड्यात sinⁿ⁻²x च्या शेजारी cos²x येऊन बसतो. त्याच्या जागी 1 − sin²x लिहिलं की:

Iₙ = (n − 1)(Iₙ₋₂ − Iₙ)

इथे नवीन मुलं हमखास घाबरतात. ज्याचं उत्तर काढायला निघालो तोच Iₙ उजवीकडे पुन्हा उभा! आपण गोल फिरून परत आलो की काय, असं वाटून काही जण सगळं खोडून टाकतात. खोडायचं काही नसतं. उजवीकडचा Iₙ डावीकडे आणायचा, बस:

Iₙ = ((n − 1)/n) · Iₙ₋₂

म्हणजे सातव्याचं उत्तर पाचव्याच्या सहा सप्तमांश, पाचव्याचं तिसऱ्याच्या चार पंचमांश. एकेक नाही, दोन-दोन पायऱ्या सोडत खाली उतरायचं. आणि दोन-दोननं उतरल्यामुळेच इथे दोन वेगळे जिने तयार होतात. विषम घाताचा जिना एकावर संपतो, सम घाताचा शून्यावर. सहा आणि सात उतरून पाहू:

I₇ = 6/7 · 4/5 · 2/3 · I₁ = 16/35 · 1 = 16/35

I₆ = 5/6 · 3/4 · 1/2 · I₀ = 5/16 · π/2 = 5π/32

I₁ म्हणजे १ आणि I₀ म्हणजे π/२, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं. सम घातांच्या उत्तरात पाय दिसतो तो या शेवटच्या पायरीवरून आलेला असतो. विषमांच्या जिन्याखाली नुसता एक आहे, तिथे पाय नाहीच. माझ्या विद्यार्थ्यानं १६/३५ पर्यंत सगळं नीट आणलं आणि सवयीनं शेवटी π/२ नं गुणून टाकलं. पाठांतरात 'सम असेल तर π/२' यातला 'सम असेल तर' गळून पडला, की हाच घोटाळा होतो.

आता माझं लाल पेन कशावर उठलं ते सांगतो. ८π/३५ म्हणजे जवळपास ०.७१८. पण तिसऱ्या घाताचं उत्तर २/३ असतं, म्हणजे ०.६६७. घात वाढला की जागा आक्रसते, मग सातव्याची जागा तिसऱ्यापेक्षा मोठी कशी असेल? खरं उत्तर १६/३५, म्हणजे ०.४५७. सहाव्याचं ०.४९१ आहे, त्याच्या किंचित खाली ते बरोबर बसतं. शेजारच्या घाताशी ताडून पाहणं हा अर्ध्या मिनिटाचा पडताळा आहे, आणि परीक्षेत तो जवळजवळ कुणी करत नाही.

विषम घातात पाय शिरूच शकत नाही याचं आणखी एक कारण आहे, आणि मला स्वतःला ते जिन्यापेक्षाही पटतं. सातव्या घातातला एक साइन बाजूला काढला की सहा उरतात, म्हणजे sin²x चा घन. sin²x म्हणजे 1 − cos²x. आता कोसाइनला u म्हटलं, तर बाजूला काढलेला साइन त्या बदलात खपून जातो आणि उरतं शून्य ते एक यांमधलं (1 − u²)³ चं इंटिग्रेशन. ते शाळकरी पद्धतीनं उलगडतं: १ वजा १, अधिक ३/५, वजा १/७. उत्तर पुन्हा १६/३५. यात कोन कुठेच नाही, नुसते अपूर्णांक आहेत. सम घातात असा सुटा साइन शिल्लक राहत नाही, म्हणून ही वाट बंद. तिथे मार्ग वेगळा: sin²x ची या टप्प्यातली सरासरी उंची अर्धी असते आणि पट्ट्याची रुंदी π/२. उंची गुणिले रुंदी, म्हणून π/४. रुंदीतला पाय उत्तरात राहतो.

सूत्राची मर्यादाही इथेच सांगून टाकतो, कारण दुसरी नेहमीची चूक तिथे होते. पहिला तुकडा गळाला तो दोन्ही टोकांना शून्य होता म्हणून. वरचं टोक π/४ असेल तर तो गळत नाही. दुसऱ्या घातासाठी डोळे मिटून 'अर्धा गुणिले π/४' केलं तर ०.३९३ येतं. खरं उत्तर त्यातून पाव वजा करून मिळतं, ०.१४३. निम्म्याहूनही कमी! शून्य ते π असेल तर मात्र काळजी नाही, वक्राची दुसरी बाजू पहिलीचीच आरशातली प्रत असते, उत्तर सरळ दुप्पट करायचं. शून्य ते २π मध्ये सम घातांचं चौपट होतं आणि विषमांचं शून्य, कारण अर्धा वक्र जमिनीखाली जातो.

इथवरचं सगळं परीक्षेपुरतं झालं. पण हे दोन जिने एकमेकांशेजारी उभे केले की एक मजा होते. जागा आक्रसत जाते हे आपल्याला माहीत आहे, म्हणून सहावा घात पाचव्या आणि सातव्याच्या मधे सापडलाच पाहिजे:

16/35 < 5π/32 < 8/15

दोन्ही कडा साधे अपूर्णांक, मधे एकटा पाय. सगळ्याला ३२/५ नं गुणलं की पाय २.९२६ आणि ३.४१३ यांच्यामधे कोंडला जातो. सात, आठ, नऊ घेतले तर कुंपण २.९७२ ते ३.३४४ असं आवळतं. वर वर गेलं की शेजारच्या दोन विषम उत्तरांचं गुणोत्तर एकाच्या जवळ येत जातं, पाचव्या-सातव्याचं सहा सप्तमांश, सातव्या-नवव्याचं आठ नवमांश, म्हणून मधली फट मिटत जाते. हाच धागा शेवटपर्यंत ओढला की हा गुणाकार हाती येतो:

π/2 = 2/1 · 2/3 · 4/3 · 4/5 · 6/5 · 6/7 · …

हा जॉन वॉलिसचा गुणाकार. ऑक्सफर्डला भूमितीचा प्राध्यापक असलेल्या या माणसानं तो १६५६च्या 'अरिथ्मेटिका इन्फिनिटोरम' या ग्रंथात दिला. अनंताचं आडवं आठासारखं चिन्हही त्याचंच. गंमत अशी की आपण वर केलेलं काहीच त्याच्या हाताशी नव्हतं. न्यूटन आणि लायब्निट्झ यांचं कॅल्क्युलस अजून यायचं होतं. वर्तुळाचं क्षेत्रफळ शोधताना त्यानं आकड्यांचे तक्ते मांडले, आणि त्यांतल्या मधल्या रिकाम्या घरांत काय बसेल हे आजूबाजूच्या आकड्यांच्या चालीवरून हेरलं. आजच्या काटेकोर अर्थानं ती सिद्धता नव्हती, पण उत्तर तंतोतंत बरोबर होतं.

पायची किंमत काढायला मात्र हा गुणाकार वापरू नका. सूत्र देखणं आहे, पण चालतं गोगलगाईच्या गतीनं. वरच्या ओळीतले अपूर्णांक दोन-दोनच्या जोडीनं घेतले, तर शंभर जोड्या गुणून झाल्यावरही उत्तर ३.१३३८ च येतं. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये दिलेली ६२८३२/२०००० ही किंमत, म्हणजे ३.१४१६, त्यापेक्षा कितीतरी सरस होती.

त्या उत्तरपत्रिकेला मी चारपैकी तीन गुण दिले आणि चौकटीशेजारी लिहिलं: 'सहाव्या घाताशी ताडून पाहा.'