पार्सलाचे वजन आणि पार्सलाचा पसारा

व्यापारी मनुष्याचा तराजूवर फार विश्वास असतो. काट्याने जे सांगितले ते प्रमाण, अशी आपली पिढीजात समजूत. परंतु कुरिअरच्या व्यवहारात या समजुतीला मोठा धक्का बसतो. लष्करच्या बाजारातील एका व्यापारीबंधूंना तो गेल्या संक्रांतीच्या हंगामात बसला. त्यांचा हिशेब मी त्यांच्याच वहीवरून येथे मांडीत आहे.

थंडी पडू लागली की ग्वाल्हेर आणि मुरैना येथील गजकेला दूरदूरची मागणी येते. मुरैनाच्या गजकेला तर २०२३ साली भौगोलिक निर्देशांकाचा मानही लाभला. आमचे हे बंधू पुणे, मुंबई, इंदूर येथील मराठी घरांना तिळागुळाच्या दिवसांत अर्धा किलोचे चार डबे एकत्र बांधून पाठवितात. गजक नाजूक, जरा दाबली की चुरा होतो. म्हणून त्यांनी बाजारात तयार मिळणारे ३८ × ३० × २० सेंटिमीटरचे खोके घेतले, मोकळ्या जागेत कागदाचे बोळे भरले आणि काट्यावर ठेवले. वजन भरले २ किलो ७०० ग्रॅम.

त्यांच्याशी ठरलेला दर असा होता : पहिल्या अर्ध्या किलोस ६० रुपये आणि पुढील प्रत्येक अर्ध्या किलोस अथवा त्याच्या अंशास ४५ रुपये. पावणेतीनच्या आतले वजन म्हणजे तीन किलो, म्हणजे सहा टप्पे. ६० अधिक पाच वेळा ४५, एकूण २८५. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर धरून ३३६ रुपये ३० पैसे. एवढीच रक्कम त्यांनी गिऱ्हाइकांकडून घेतली. महिनाअखेर बिल आले ते मात्र दर पार्सलास ५४८ रुपये ७० पैशांचे! साठ पार्सले गेली होती. फरक बारा हजार सातशे चव्वेचाळीस रुपयांचा. बिलातील 'आकारलेले वजन' या रकान्यात प्रत्येक ठिकाणी पाच किलो लिहिलेले.

बंधू संतापले, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु बिल चुकीचे नव्हते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यास ५००० ने भागावे. जे उत्तर येते त्यास आकारमानी वजन म्हणतात. हे वजन आणि काट्यावरचे वजन यांपैकी जे अधिक, त्यावर आकारणी होते. ३८ गुणिले ३० गुणिले २० म्हणजे २२,८००. त्यास ५००० ने भागले की ४.५६ किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्याने ते वर नेले की पाच किलो, म्हणजे दहा टप्पे : ६० अधिक नऊ वेळा ४५, एकूण ४६५ आणि वर कर.

ही पद्धत कोणी कुरिअरवाल्याने खोडसाळपणे काढलेली नाही. आगबोटीच्या काळापासून चाळीस घनफुटांचा एक 'माप-टन' धरून हलक्या पण फुगीर मालाचे भाडे घेत. कापसाच्या गाठी दाबयंत्रात आवळून बांधण्याचे एक कारण तेच. विमानात तर जागा वजनाइतकीच महाग. तेथे आंतरराष्ट्रीय प्रघात ६००० ने भागण्याचा आहे. आपल्याकडील कुरिअरचा भाजक बहुधा ५००० असतो, पण रस्त्याने जाणाऱ्या मालास काही ठिकाणी तो याहूनही लहान धरतात. भाजक जितका लहान, तितके आकारमानी वजन मोठे. म्हणून दर विचारताना भाजकही विचारून लेखी घ्यावा. एकट्या दराला काही अर्थ नाही.

५००० या भाजकाचा व्यवहारी अर्थ सोपा आहे. दर अडीच हजार घन सेंटिमीटर जागेमागे अर्धा किलो. एका लिटर जागेत दोनशे ग्रॅमहून कमी माल बसत असेल, तर आकारणी आकाराने होणार हे आधीच समजावे. बंधूंच्या खोक्यात लिटरामागे जेमतेम एकशे अठरा ग्रॅम होते. उरलेली जागा बोळ्यांनी आणि हवेने भरली होती, आणि भाडे त्या हवेचे पडले.

मग आम्ही दोघे डबे मांडून बसलो. प्रत्येक डबा २३ × १५ × ६ सेंटिमीटरचा. दोन शेजारी, त्यांवर दोन, अशी रचना केली की २३ × ३० × १२ होते. सर्व बाजूंनी गादी आणि पुठ्ठा मिळून अडीच सेंटिमीटर धरले, तर बाहेरचे माप २८ × ३५ × १७. गुणाकार १६,६६०, आकारमानी वजन ३.३३ किलो, आकारणी साडेतीन किलोवर, म्हणजे ३३० रुपये, करासह ३८९ रुपये ४० पैसे. काट्यावरचे वजनही अडीच किलोवर आले, पण त्याचा येथे उपयोग नाही. पार्सलामागे १५९ रुपये ३० पैसे वाचले. डबे मात्र तेच आणि गजकही तीच.

येथे एक खाच आहे. माप खोक्याच्या छापील आकाराचे घेत नाहीत. पार्सल जेथे सर्वांत फुगलेले असेल तेथले घेतात, आणि पुष्कळ ठिकाणी अपूर्णांक पुढील पूर्ण सेंटिमीटरला नेतात. बोळे दाबून भरल्यामुळे झाकण सेंटिमीटरभर उचलले गेले तर उंची १८ होते, गुणाकार १७,६४० होतो आणि वजन ३.५३. म्हणजे टप्पा चार किलोचा आणि ४५ रुपये अधिक! सीमा १७,५०० वर आहे; तेव्हा चिकटपट्टी लावून झाल्यावर मोजावे, आधी नव्हे.

बंधूंना आणखी एक लोभ झाला. उंची १५ वर आणली तर १४,७०० होऊन तीन किलोत बसते; करासह ५३ रुपये १० पैसे वाचतात. मी त्यांस परावृत्त केले. वरखाली जेमतेम दीड सेंटिमीटर गादी राहते, आणि एक पार्सल चुरा होऊन पुन्हा पाठवावे लागले, तर सात पार्सलांची बचतही त्याच्या निव्वळ भाड्याला पुरत नाही. मालाची किंमत वेगळीच. दोन-दोन डब्यांची दोन पार्सले करण्याचाही विचार निघाला होता. २८ × २० × १७ म्हणजे १.९ किलो, प्रत्येकी दोन किलोचा टप्पा आणि १९५ रुपये, दोहोंचे ३९०. पहिल्या अर्ध्या किलोचा चढा दर दोनदा पडतो म्हणून तो बेत सोडला.

दुकानाच्या खिडकीवर मिळालेल्या पावतीतील वजन बहुधा तात्पुरते असते. मुख्य केंद्रावर पट्ट्यावरून जाताना यंत्र पुन्हा माप घेते आणि बिल त्यावरच निघते. पार्सल वाटेत दडपून फुगले तर तेच माप लागते. म्हणून बांधलेल्या पार्सलावर टेप ठेवून तिन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत, पावती क्रमांकासह. वाद झालाच तर तेवढाच पुरावा हाती असतो. बंधूंच्या जुन्या साठ पार्सलांची अशी छायाचित्रे नव्हती आणि मापेही खरीच होती, तेव्हा त्यांनी ती रक्कम निमूटपणे भरली. आता त्यांनी २८ × ३५ × १७ चे खोके पुठ्ठेवाल्याकडून मुद्दाम करून घेतले असून, दुकानात तराजूच्या शेजारी खिळ्याला मोजपट्टी टांगली आहे.