अभ्यासाची रजा मागताना

नीट पीजीसाठी रजा मागणारे इंटर्न डॉक्टर अर्जात मेहनतीचं वर्णन करतात, पण हिशेब मांडत नाहीत. बारा महिन्यांच्या सक्तीच्या इंटर्नशिपमध्ये 2021 च्या नियमांनुसार रजा मिळते 15 दिवस. त्यापुढची गैरहजेरी नंतर भरून काढावी लागते. खरी मेख इथेच आहे, कारण परीक्षेच्या पात्रतेसाठी इंटर्नशिप ठरावीक तारखेपर्यंत संपावी लागते. 2025 साली ती 31 जुलै होती.

समजा, एकीची इंटर्नशिप 25 जुलैला संपते आणि 6 रजा वापरून झाल्या आहेत. तिने 20 दिवस मागितले, तर 11 दिवस जादा होतात आणि शेवटचा दिवस 5 ऑगस्टवर जातो. म्हणजे अभ्यासासाठी घेतलेली रजाच परीक्षेला मुकवते! तिने शिल्लक 9 दिवसच मागावेत.

विभागप्रमुखांना लिहिलेल्या अर्जात रजेच्या तारखा, शिल्लक रजा, परीक्षेची तारीख आणि ड्युटी सांभाळणाऱ्या सहकाऱ्याची सही हवी. ही सही बहुतेक जण विसरतात. वॉर्ड रिकामा राहणार नाही, एवढंच तर प्रमुखांना पाहायचं असतं. मंजुरी लेखी घ्या आणि प्रत जपून ठेवा.